गावाहून आलेल्या शेंगा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवूनही ऑगस्टपर्यंत दाण्यांना बुरशी येते, काय चुकतंय? बुरशी पुसून, भाजून खाल्ले तर चालतील का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, नाही चालणार. बुरशी भाजल्यावर मरते पण तिने दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन भाजून थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही, आणि धुवून पुसून तर अजिबातच नाही. ते लिव्हरला घातक आहे. असे दाणे गाईम्हशींनाही घालू नका, ते विष बदललेल्या रूपात दुधात उतरतं. सरळ फेकून द्या.

आता चूक कुठे होते ते. माझं माहेर कराडकडचं, सासर चिपळूण, त्यामुळे उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा दरवर्षी मेअखेरीस येतात आणि पाठोपाठ पाऊस सुरू. मीही आधी आल्या आल्या स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावायचे, आणि जुलैत डबा उघडला की कुबट वास. घट्ट डबा बाहेरची ओल आत येऊ देत नाही हे खरं, पण शेंगांमध्ये जी ओल आहे ती पण बाहेर जाऊ देत नाही ना! ओल्या शेंगा डब्यात कोंडल्या की आत बुरशीला हवी तशी दमट, उबदार खोलीच तयार होते. सोललेल्या दाण्यात ओल साधारण ७ टक्क्यांच्या आत आणि टरफलासकट शेंगेत ९ टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि वरून कोरडी दिसणारी शेंग आतून १२ टक्के ओली असू शकते.

हे घरी कसं कळणार? शेंग कानाजवळ हलवली की खुळखुळ वाजायला हवी, दाणा चोळला की लाल साल सुटायला हवं, आणि दाताखाली कट्‌ करून तुटायला हवा, वाकता कामा नये. पण मला खरा भरवसा आला तो छोट्या डिजिटल ह्युमिडिटी मीटरमुळे, ऑनलाईन दोन-तीनशे रुपयांत मिळतो. डबा शेंगांनी जवळजवळ भरायचा, मीटर आत ठेवायचा, झाकण लावायचं आणि सकाळी बघायचं. रात्रभरात आतली हवा शेंगांच्या ओलीशी जुळते, त्यामुळे आकडा घरातल्या हवेचा नसून शेंगांमुळे डब्यातल्या हवेत आलेल्या ओलीचा असतो. तो ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर निर्धास्त ठेवा, ७० च्या वर असेल तर परत वाळवा. गेल्या वर्षी दोन दिवस ऊन दाखवलेल्या शेंगांचा आकडा ७८ आला होता, दिसायला अगदी खडखडीत! अजून तीन दिवस पातळ पसरून, दुपारी हलवून, संध्याकाळी घरात घेऊन झाकून ठेवल्या, मग ५९ आला. आणि हो, उन्हातून आणलेल्या गरम शेंगा लगेच भरू नका, पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटतं.

पाऊस लागलाच असेल तर फॅनखाली पसरून फार उपयोग नाही, हवाच ओली असते. दाणे सोलून ओव्हनमध्ये ६० डिग्रीवर, दार किंचित उघडं ठेवून तास-दोन तास ठेवा, किंवा कढईत अगदी मंद आचेवर परता, आणि गार झाले की परत मीटरची परीक्षा. सिलिका जेलच्या पुड्यांवर विसंबू नका. १० किलो दाणे ९ टक्क्यांवरून ७ वर आणायचे म्हणजे २०० ग्रॅमच्या वर पाणी काढायचं, त्याला जवळपास किलोभर जेल लागेल, दोन पुड्यांनी काय होणार?

भरण्याआधी निवडणं मात्र टाळू नका. विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, मोजक्या खराब दाण्यांतच बरंचसं साठलेलं असतं, म्हणून सुरकुतलेले, फुटके, किडके, काळपट, कोंब आलेले दाणे काढून टाका. एखादा संशयाचा दाणा दुभागून बघा, वरून चांगला दिसतो आणि दोन डाळिंब्यांच्या मध्ये पिवळसर हिरवी भुकटी असते. नुसतं डोळ्यांनी विष दिसत नाही हेही आहेच, त्यामुळे खाताना दाणा कडू लागला तर थुंकून टाका, गिळू नका. (खवट लागणं वेगळं, ते तेल जुनं झाल्यामुळे, पण तेही दाणे मी ठेवत नाही.)

शक्यतो शेंगाच साठवा, टरफल हे चांगलं कवच आहे, आठवड्यापुरत्या फोडा. कूट पण थोडंच करा आणि चमचा कोरडा. काजू, बदाम, अक्रोड पावसाळ्यात पाव-पाव किलोच आणते, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवते, आणि डबा बाहेर काढला की गार असताना उघडत नाही, नाहीतर दव धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.