कूलोमच्या गणितात उत्तर उलट्या दिशेला का गेलं?

प्रश्न: «सर, एका रेषेत तीन चार्ज आहेत. A म्हणजे +२ मायक्रोकूलोम. त्याच्या उजवीकडे ३० सेंमीवर B, −३. आणि B च्या उजवीकडे २० सेंमीवर C, −४. B वरचा फोर्स काढायचा आहे. मी चिन्हांसकट सूत्रात टाकलं तर −०.६ आणि +२.७ आले, बेरीज +२.१ न्यूटन, म्हणजे उजवीकडे. पुस्तकात ३.३ न्यूटन डावीकडे दिलंय. पुस्तक चुकलंय का? गावात विचारायला कोणी नाही अन् क्लास यवतमाळला आहे.»

पुस्तक बरोबर आहे. तुझे ०.६ आणि २.७ हे आकडेही बरोबर आहेत, गडबड फक्त बेरजेत झाली.

दोन चार्जचा गुणाकार केल्यावर येणारं चिन्ह एवढंच सांगतं की ते एकमेकांना ओढतात की ढकलतात. डावं-उजवं त्याला कळत नाही. तू मात्र वजा म्हणजे डावीकडे आणि अधिक म्हणजे उजवीकडे असं धरलंस. A च्या बाबतीत ते योगायोगाने जुळलं, C ने फसवलं.

हे घरीच दिसतं. थंड पेयाची प्लास्टिकची नळी मधोमध दोऱ्याने आडवी टांग आणि तिचं एक टोक स्वेटरवर घास. दुसरी नळी तशीच घासून त्या टोकाच्या उजवीकडे आण, टोक डावीकडे पळेल. डावीकडून आण, उजवीकडे पळेल. दोन्ही वेळा चार्ज तेच, गुणाकार अधिकच, तरी दिशा बदलली. (आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे झकास जमतं. श्रावणात करू नको, दमट हवेत चार्ज टिकत नाही.)

म्हणून आधी सूत्रात चिन्हं घालूच नको, नुसतं परिमाण काढ. मग वहीत तीन ठिपके काढ, B वर बोट ठेव आणि प्रत्येक शेजाऱ्याबद्दल वेगळं विचार. A अधिक, B वजा, म्हणजे ओढ. A डावीकडे आहे, तर B वर बाण डावीकडे, ०.६. C वजा, B ही वजा, म्हणजे ढकल. C उजवीकडे आहे, तर B त्याच्यापासून दूर जाणार, म्हणजे पुन्हा डावीकडे, २.७. दोन्ही बाण एकाच बाजूला आले, बेरीज ३.३.

चिन्हं सूत्रातच ठेवायची असतील तर तेही चालतं, पण मग एकक सदिश हवाच, आणि तो ज्याच्यामुळे बल लागतं त्या चार्जपासून ज्याच्यावर लागतं त्याच्याकडे. C कडून B कडे जाताना तो डावीकडे, म्हणजे वजा. गुणाकार अधिक, सदिश वजा, म्हणून −२.७. तू हा वजा सोडलास, बाकी काही नाही.

आता पडताळा. परिमाणासाठी एकच आकडा लक्षात ठेव: एक-एक मायक्रोकूलोम एक मीटरवर असतील तर बल ०.००९ न्यूटन. A-B मध्ये गुणाकार ६, म्हणून ०.०५४. अंतर ०.३ मीटर, त्याचा वर्ग ०.०९, भागलं की ०.६. वर्ग विसरलास तर ०.१८ येईल. सेंमी तसेच ठेवलेस तर उत्तर दहा हजार पटीने लहान होईल. आणि १०⁻⁶ दोनदा लिहायच्या ऐवजी एकदाच लिहिलास तर ३३ लाख न्यूटन, म्हणजे तीनशे टनांहून जास्त वजनाइतकं बल! कापसाचे कितीतरी भरलेले ट्रक झाले की बाप्पा. असं काही दिसलं की आधी घातांक बघ.

चिन्हांच्या पडताळ्यासाठी एकेक चार्ज उलटवून बघ. B चं चिन्ह बदललं तर आकडा ३.३ च राहून दिशा उजवी व्हायला हवी. तिन्ही बदलले तर काहीच बदलायला नको. आणि फक्त C ला +४ केलं तर? ०.६ डावीकडे, २.७ उजवीकडे, म्हणजे २.१ उजवीकडे. हेच तुझं उत्तर! तू नकळत दुसरंच गणित सोडवलंस.

वेळ असेल तर तिघांवरचं बल काढ. A-C मध्ये अंतर अर्धा मीटर, ओढ ०.२८८. म्हणून A वर ०.८८८ उजवीकडे आणि C वर २.७ उजवीकडे वजा ०.२८८, म्हणजे २.४१२ उजवीकडे. दोन्ही मिळून ३.३ उजवीकडे, B चे ३.३ डावीकडे, एकूण शून्य. तुझे +२.१ इथे लगेच पकडले गेले असते. पण एखाद्या जोडीचे दोन्ही बाण उलटे काढलेस किंवा k चुकीचा घेतलास तरी बेरीज शून्यच येते, म्हणून हा पडताळा वरच्या दोघांनंतर कर.