सीपीके १८४०: व्यायामामुळे की गोळीमुळे?

प्रश्न: दोन वर्षं कोलेस्टेरॉलसाठी रोझुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम चालू आहे. बऱ्याच खंडानंतर शनिवारी जिममध्ये दाबून स्क्वॉट मारले. सोमवारी नेहमीच्या तपासणीत स्नायूंमधलं सीपीके हे एन्झाइम १८४० आलं, लॅबची मर्यादा २०० आहे. एसजीओटी ९६. मांड्या ठणकताहेत. गोळी बंद करू का?

उत्तर:

आकडा नंतर, आधी वार बघा. शनिवारी व्यायाम आणि सोमवारी रक्त, म्हणजे सीपीके चढणीवर असतानाच तुम्ही हात पुढे केलात. वजन पेलत खाली बसताना स्नायू ताणला जातो, सवय नसली की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि आतलं सीपीके रक्तात झिरपतं. ते एक ते चार दिवसांत शिखर गाठतं. धडधाकट माणसातही ते हजारांच्या घरात जातं. एसजीओटी स्नायूंतही असतं, त्यामुळे ९६ बघून लगेच लिव्हरची धास्ती नको. लिव्हरचं जीजीटी नॉर्मल असेल तर संशय स्नायूंवरच जातो.

आता गोळी. तुमचं सीपीके मर्यादेच्या नऊपट आहे. दहापटीच्या वर गेलं की गोळी थांबवून किडनीचं क्रिएटिनिन बघतात. तुम्ही त्याच्या अलीकडे आहात, पण दुखतंयही, त्यामुळे डॉक्टर काही दिवस गोळी थांबवा म्हणू शकतात. आजच फोन करून व्यायामाचा दिवस आवर्जून सांगा, तो रिपोर्टवर नसतो. हार्ट अटॅक किंवा स्टेंट झाला असेल तर परस्पर बंद करू नका. आणखी एक अडचण आहे: गोळी आणि व्यायाम दोन्ही एकदम थांबवलं, तर उतरलेल्या आकड्याचं श्रेय कुणाला द्यायचं?

म्हणून डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर गोळी चालू ठेवून आठवडाभर जड व्यायाम बंद. चालणं चालेल. दंडात किंवा कमरेत इंजेक्शनही नको, त्यानेही सीपीके वाढतं. मग सीपीके, क्रिएटिनिन आणि थायरॉइडचं टीएसएच करा. रक्तातलं सीपीके साधारण दीड दिवसात निम्मं होतं, म्हणजे झिरपणं थांबलं असेल तर आठवड्याने २००-३०० च्या आसपास यायला हवं. तसं आलं तर गोळी निर्दोष सुटली. १५०० वरच अडकलं तर मात्र गोळी, सुस्त थायरॉइड किंवा नुकतंच जोडलेलं दुसरं औषध यांच्याकडे बघावं लागेल.

दुखणं आणि ताकद जाणं वेगळं. हात न टेकता खुर्चीतून उठून बघा. दुखत दुखत उठलात तर ठीक, उठताच येत नसेल तर वाट बघू नका. गोळी सोडून काही आठवडे झाले तरी सीपीके चढं आणि मांड्या-खांदे अशक्त, असं क्वचित होतं. तेव्हा एचएमजीसीआर अँटिबॉडी तपासतात, कारण त्यात शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटलेलं असतं आणि नुसती गोळी थांबवून भागत नाही.

आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे लघवी तपासायच्या पट्टीवर रक्त दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी सापडत नाहीत. ते स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, किडनीला इजा करू शकतं, आणि सलाईन लवकर सुरू झालेलं बरं.