हप्ते सुनेचे, फ्लॅट सासऱ्यांचा: बँकेत सही करण्याआधी

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली. पिंपरीत ८० लाखांचा फ्लॅट बुक केलाय. करारनामा सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर होणार आहे. ते निवृत्त आहेत, म्हणून ६० लाखांच्या कर्जाला मी आणि नवरा सहअर्जदार. उरलेल्या २० लाखांत सासऱ्यांचे आठ, नवऱ्याचे चार, माझे आठ. त्यातले चार मी सासऱ्यांच्या खात्यात टाकले आणि त्यांनी बुकिंग केलं. माझं नाव घाला म्हटलं की नवरा म्हणतो, "बाबांना विचारून सांगतो." मग सांगतो, "बाबा नको म्हणतात." नोकरी बदलण्यापासून पडदे घेण्यापर्यंत सगळं असंच चालतं. पुढच्या आठवड्यात बँकेत सह्या आहेत. कायदा मला काय देतो?

उत्तर : सही केलीत तर फार थोडं देतो. अजून केलेली नाही, म्हणून तुमच्या हातात बरंच काही आहे.

वडिलांना विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा नवरा हा काही गुन्हा नाही. त्याला स्वतः निर्णय घ्यायला लावणारा आदेश कुठलंही कोर्ट देत नाही. पण कर्जाच्या कागदावरची सही सर्वस्वी तुमची आहे. ती मागायचा हक्क ना नवऱ्याला, ना सासऱ्यांना. बहुधा तुमचा पगार धरल्याशिवाय ६० लाखांचं कर्ज बसत नसणार, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.

बँकांचा साधारण शिरस्ता असा, की जितके मालक तितके सगळे कर्जदार हवेत. उलट मात्र होत नाही. कर्जदार झालात म्हणून मालक होत नाही. सह्यांच्या टेबलावर अर्जाची जाडजूड फाइल समोर येते, पेन्सिलीच्या फुल्या असतात तिथे सह्या करायच्या असतात, आणि करारनाम्यात तुमचं नाव आहे का हे तिथे तुम्हाला कोणी विचारत नाही. सही झाली की अख्ख्या ६० लाखांची जबाबदारी तुमच्यावर येते, निम्म्याची नव्हे. हप्ते थकले तर बँक फ्लॅट विकते, आणि तरी बाकी राहिली तर ती तुमच्याकडूनही वसूल करू शकते. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता ५२ हजारांच्या आसपास येतो. त्यातला निम्मा तुम्ही भरलात तरी शेवटापर्यंत साडेबासष्ट लाख रुपये होतात.

इतकं भरून नंतर "खरी मालक मी" म्हणून दावा लावू, असं मनात असेल तर ते काढून टाका. पैसे एकाचे आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर, हा बेनामी कायद्याचा विषय आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात काही नात्यांना सूट आहे: जोडीदाराच्या किंवा मुलांच्या नावावर उघड उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता बेनामी धरत नाहीत. आईवडिलांच्या नावावर घ्यायची तर पैसे देणाऱ्याचं नावही कागदावर सहमालक म्हणून असावं लागतं. सुनेने सासऱ्यांच्या नावावर घेतलेल्या घराला यातली कुठलीच सूट लागू होत नाही. त्याच कायद्याचं कलम ४ असा दावाच अडवतं.

"बाबांचं ते शेवटी आपलंच ना?" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. मृत्युपत्र न करता सासरे गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने सासूबाई, तुमचे पती आणि असतील ती बाकीची भावंडं यांना समान वाटे मिळतात. समजा एक नणंद आहे. मग पतीला तिसरा हिस्सा आणि तुम्हाला शून्य. मृत्युपत्र तुमच्या बाजूने करून ठेवलं, तरी सासरे जिवंत असेपर्यंत ते केव्हाही बदलू शकतात. आणि नवऱ्याने दिलेला शब्द? फ्लॅट त्याच्या नावावर नाही आणि निर्णयही त्याचा नाही, तेव्हा तो शब्द पाळायला त्याच्या हातात काय आहे?

उद्या बिनसलंच, तर घटस्फोटात संसारातली मालमत्ता निम्मी-निम्मी वाटण्याचा कायदा महाराष्ट्रात नाही. (गोव्यात आहे, तिथला नागरी कायदा वेगळा.) कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सासऱ्यांच्या घरातही राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पण तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही.

आता करायचं काय? तुमचा नवरा वडिलांना विचारणारच आहे. मग "माझं नाव घाला" असं मोघम वाक्य त्याच्या हाती देऊ नका, वडिलांसमोर ठेवता येईल असा एक कागद द्या. करारनाम्यात तिघांची नावं आणि वाटे पैशाच्या प्रमाणात. कर्ज तुम्ही दोघं निम्मं निम्मं फेडणार असाल तर सासऱ्यांचे ८ लाख म्हणजे १० टक्के, तुमचे ८ अधिक ३० म्हणजे ३८ लाख, साडेसत्तेचाळीस टक्के, आणि पतीचे ४ अधिक ३० म्हणजे ३४ लाख, साडेबेचाळीस टक्के. वाटे आकड्यांत लिहून घ्या. लिहिले नाहीत तर कोणी किती भरले हे पुढे सिद्ध करत बसावं लागतं, आणि ते जमलं नाही तर सगळ्यांचे वाटे समान धरतात. शक्य असेल तर सासऱ्यांशी स्वतः बोला. निरोप्याच्या तोंडून पोचलेली गोष्ट पुष्कळदा मागणीसारखी वाटते, आकडे पाहिल्यावर माणूस वेगळा विचार करतो.

वेळ आत्ताच आहे. ८० लाखांवर चार म्हणजे पाच टक्केच भरलेत. किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला करारनामा नोंदवल्याशिवाय घेता येत नाही. म्हणजे करारनामा अजून व्हायचाच असणार. तो नोंदवण्याआधी नावं बदलायला सहसा बिल्डरकडे सगळ्यांच्या सहीचा अर्ज पुरतो. नोंदणी झाल्यावर नाव घालायचं तर नवा दस्त, त्याचं मुद्रांक शुल्क आणि बँकेची संमती लागते. वडील मुलाला राहतं घर बक्षीसपत्राने देतात तेव्हा मुद्रांक शुल्क २०० रुपये, अधिभार वेगळे. नवरा हयात असलेल्या सुनेला ती सवलत नाही.

पुढचे चार लाख सासऱ्यांच्या खात्यात टाकू नका. करारनाम्यात तुमचं नाव ठरल्यावर ते तुमच्या खात्यातून थेट बिल्डरला द्या. आधीच्या चार लाखांसाठी आजच सासऱ्यांना मेल किंवा मेसेज करा: अमुक तारखेला दिलेली रक्कम फ्लॅटमधल्या माझ्या हिश्श्यापोटी आहे. हे लेखी नसेल तर ती भेट होती म्हणायला कुणाचं काही अडत नाही, कारण सुनेकडून सासऱ्याला मिळालेल्या रकमेवर आयकरही लागत नाही. पैसे परत मागायची वेळ आलीच तर उसन्या रकमेच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

लिहिताना विषय फ्लॅटपुरताच ठेवा. "आईवडिलांना सोड, नाहीतर..." असलं काही मेसेजमध्ये नको. सबळ कारण नसताना नवऱ्याने आईवडिलांपासून वेगळं व्हावं असा सतत आग्रह धरणं ही क्रूरता ठरू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आहे, आणि समोरचा वकील तोच काढेल. तुम्ही वेगळं घर मागत नाही, भरलेल्या पैशांवर नाव मागताय.

तरीही "बाबा नको म्हणतात" असंच उत्तर आलं, तर सहअर्जदार व्हायला नकार द्या आणि तो बँकेला मेलने कळवा. मग नवरा आणि सासऱ्यांनी आपल्या उत्पन्नावर बसेल तेवढं कर्ज घ्यावं. बुकिंग रद्द झालं तर बिल्डर पैसे साधारणपणे ज्या खात्यातून आले तिथेच, म्हणजे सासऱ्यांकडे परत करील. तुमचे चार लाख तुम्हाला त्यांच्याकडूनच मागावे लागतील, म्हणून तो मेसेज आजच पाठवा.