आईचा भूतकाळ तुकड्यांनी कसा उघडायचा?

प्रश्न: माझी कथा निपाणीतली, 2005 सालची. मुलाला तंबाखूचं शेत विकायचंय, आई अंगठा देत नाही. तिचा नवरा 1981 च्या तंबाखू आंदोलनात गोळीबारात गेलेला. हे मी दुसऱ्याच प्रकरणात सांगून टाकलं आणि पुढं कथा पडली. तुकड्यांनी कसं सांगू?

उत्तर: आधी कथा मुलाच्या बाजूनं लिहा. आईच्या मनात शिरून तिलाच ठाऊक असलेली गोष्ट दडवली, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. मुलाला लहानपणापासून "बाबा तापानं गेले" एवढंच सांगितलेलं असलं, की दडवायचं काही उरत नाही.

पहिला तुकडा नुसती कृती असू दे. खरेदीखताच्या दिवशी आई हायवेवर पाय ठेवत नाही, बांधाबांधानं लांबून येते, तोवर कचेरी बंद होते. कारण लिहू नका. गिऱ्हाईक इसार परत मागतो आणि आईनं मुद्दाम केलं असं मुलाला वाटतं. त्याचा राग पुढच्या प्रसंगाला पुरतो.

दुसरा तुकडा अशा माणसाच्या तोंडी द्या ज्याचा त्यात स्वार्थ आहे. शेजारच्या शेतकऱ्याला ही विक्री मोडायची आहे. तो म्हणतो, "बाप रस्त्यावर पडला, आन् तू शेत विकालास?" विक्रीसाठी आईच्या मागं लागायला निघालेला मुलगा घरी येऊन वेगळंच विचारतो, "ताप कुठला होता, आई?" हायवेचा प्रसंगही वाचकाला आता नव्यानं कळतो. यानंतर एक प्रसंग काहीही न उघडता जाऊ द्या. दोघं एका घरात, पण ताट वाढण्यापुरतंच बोलणं. खोटं किती खोल गेलंय ते इथं दिसतं. हा प्रसंग गाळला तर दोन गौप्यस्फोट एकमेकांवर आदळतात आणि दोन्ही वाया जातात.

तिसरा तुकडा आईचा, दोनतीन वाक्यांचाच. "त्या दिवशी त्यांस्नी जायाचं नव्हतं. मीच धाडलं. भाकरी बांधून दिली." शेत ती मायेनं नव्हे, प्रायश्चित्त म्हणून धरून बसली होती. बोलून झाल्यावर ती स्वतःच शाईचा पॅड मागते, आणि आता मुलगाच कागद घडी घालून खिशात ठेवतो. बाजू उलटल्या.

प्रत्येक तुकडा असा तपासा: तो खोडा आणि पुढचा संवाद वाचा. संवाद तसाच चालला, तर त्या तुकड्यानं काही बदललेलं नाही. त्याची जागा किंवा तो सांगणारा माणूस चुकलाय.

गोळीबाराचं वर्णन मात्र टाळा. सीमाभागातल्या वाचकाला तो एप्रिल ठाऊक आहे, आणि ते पानभर लिहिलंत की चालू प्रसंग तिथंच थांबतो. त्याला ठाऊक नाही ती बांधून दिलेली भाकरी. ती पहिल्या प्रकरणापासून ठेवा: या घरात आई कुणालाच वाटेला भाकरी बांधून देत नाही, आणि मुलगा चिडून रोज हॉटेलात खातो.