मुंबई नगर दिवाणी न्यायालयाचे समन्स: इमारत आणि कोर्ट कसे शोधावे?

प्रश्न: समन्सवर फक्त ‘नगर दिवाणी न्यायालय, मुंबई’ आणि दाव्याचा क्रमांक आहे. फोर्टला जायचे की दिंडोशीला, आणि कुठल्या न्यायाधीशांसमोर?

उत्तर: दाव्याच्या क्रमांकावरून इमारत ठरवू नका. नगर दिवाणी न्यायालयाचे काम फोर्ट, दिंडोशी आणि माझगाव येथे चालते आणि एकाच वर्षातील तोच क्रमांक दुसऱ्या शाखेतील वेगळ्या दाव्यालाही असू शकतो. समन्सवर किंवा सोबतच्या दाव्याच्या प्रतीवर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक शोधा. त्याची सुरुवात MHCC अशी असते, पुढचे दोन अंक शाखेची आस्थापना दाखवतात, मग सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष येते. हा अनुक्रमांक दाव्याच्या नोंदणी क्रमांकापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत म्हणून घाबरू नये.

सीएनआर क्रमांक services.ecourts.gov.in वर टाकला की न्यायालयाचे नाव, पुढची तारीख आणि Court Number and Judge ही ओळ दिसते. सीएनआर सापडत नसेल, तर Case Status मध्ये महाराष्ट्र निवडून जिल्ह्यांच्या यादीतून नगर दिवाणी न्यायालय घ्यावे, कारण लघुवाद न्यायालय आणि दंडाधिकारी न्यायालये तिथे स्वतंत्र नोंदीखाली आहेत. मग प्रत्येक संकुलात दाव्याचा क्रमांक टाकून पाहा, आणि वादी-प्रतिवादींची नावे जुळली तरच ते आपले प्रकरण समजा.

समजा, पडद्यावर फोर्ट आणि कोर्ट क्रमांक १६ असे आले. समन्सवर छापलेल्या न्यायाधीशांचे नाव वेगळे असले, तरी बदली झाली असण्याची शक्यता अधिक. म्हणून नावापेक्षा कोर्टाचा क्रमांक धरून चालावे. मात्र प्रकरण दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झाले, तर हा क्रमांकही बदलतो. त्यामुळे तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्याच संकेतस्थळावरील Cause List मध्ये, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत किंवा बोर्डात, आपला दावा आहे का ते पुन्हा पाहावे. त्यात दिवाणी आणि फौजदारी बोर्ड वेगळे असतात, त्यामुळे तुम्हाला दिवाणीच निवडावा लागेल.

फोर्टचे न्यायालय जुन्या सचिवालयाच्या दगडी इमारतीत आहे. त्याच रांगेत विद्यापीठ आणि उच्च न्यायालय असल्याने टॅक्सीवाल्याला नुसते ‘कोर्ट’ सांगितले, तर तो बहुधा उच्च न्यायालयासमोर उतरवेल. आत गेल्यावर कोर्टाचा क्रमांक सांगून मजला विचारा आणि दालनाबाहेर लावलेल्या बोर्डवर आपला अनुक्रमांक पाहा. न्यायाधीश रजेवर असतील, तर बोर्ड प्रभारी न्यायाधीशांकडे जातो. याची माहिती संकेतस्थळावर वेळेत दिसेलच असे नाही, ती त्या कोर्टातील शिरस्तेदार किंवा पट्टेवाल्याकडून मिळते. बोर्डवर दावा नसेल, तरी लगेच परतू नका. शिरस्तेदारांना समन्स दाखवून पुढची तारीख लिहून घ्या.