हातात वाटी नसलेली मैत्रीण

‘ताई, माझी लहानपणापासूनची मैत्रीण लग्न होऊन दावणगेऱ्याला गेली. मी इथंच, खानापूरजवळ. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री साडेनऊच्या सुमाराला तिचा नुसता ‘हाय’ येतो. मी लगेच लिहिते, ‘बोल गं, काय काम होतं?’ ती म्हणते, ‘काही नाही, असंच.’ मग मी ‘बरं’ म्हणते आणि तिथंच संपतं. नंतर ती दोन-तीन दिवस गप्प. मला वाटतं तिला काहीतरी हवं असतं, पण ती मागत नाही. मी काय उत्तर देऊ?’

अगं, तुझ्या आईला विचार, पूर्वी शेजारीण संध्याकाळी विरजणाची वाटी घेऊन यायची की नाही. घरात विरजण असायचं तरी यायची. उंबऱ्यावर टेकायची, अर्धा तास बोलायची आणि कधीकधी वाटी तशीच रिकामी घेऊन परत जायची. तिला ‘विरजणच हवंय ना, घे आणि जा’ असं कुणी म्हणत नसे. तुझी मैत्रीण दावणगेऱ्याहून वाटी घेऊन येऊ शकत नाही, म्हणून नुसती दारात येऊन उभी राहते. ‘काय काम होतं?’ विचारलंस की तिला वाटतं, काम नसताना आपण उगाच आलो. ‘असंच’ म्हणून ती पायऱ्या उतरते.

मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. म्हणजे काही कळवण्यासाठी नाही, तर नुसतं एकमेकांशी जोडलेलं राहण्यासाठी केलेलं बोलणं. आपल्याला ते शिकायला लागत नाही. बेळगावच्या बाजारात कानडी भाजीवाली ‘ऊटा आतेन्री?’ म्हणते, आपण ‘जेवलीस नव्हं?’ म्हणतो. त्यावर कुणी आमटीत काय होतं ते सांगत बसत नाही. फोनवर मात्र आपण हे विसरतो, कारण तिथं बहुतेक निरोप कामाचेच येतात.

तिला खरंच काम आहे की सोबत हवी आहे, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. काम असलं की ‘हाय’च्या मागोमाग मिनिटाभरात दुसरी ओळ येते, पैशाची, पत्त्याची, कुणाच्या नंबरची. तिच्याकडून दुसरी ओळ येतच नाही. शिवाय वेळ बघ ना, साडेनऊ. भांडी आवरली, टीव्हीसमोर घरचे बसले आणि ती एकटी मोकळी झाली. खात्री हवी असेल तर तू स्वतःची एखादी क्षुल्लक गोष्ट सांगून बघ. सोबत हवी असलेलं माणूस तुझ्या एका ओळीला तीन ओळींनी उत्तर देतं.

तेव्हा लिहायचं काय? आधी तिच्या येण्याचा आनंद दाखव. मग तू आत्ता कुठं बसलीयस, काय करतीयस, ते दिसेल असं एक वाक्य लिही. शेवटी एखादा हलका प्रश्न, ज्याचं उत्तर द्यायला तिला विचार करावा लागू नये. समज, असं:

‘आलीस का गं! आत्ताच भाकरीचा तवा उतरवला. इकडं पाऊस धो धो, लाईट गेलीय, मेणबत्ती लावून बसलेय. तुझं आवरलं?’

ती लिहील, ‘आवरलं. इथं पाऊसच नाही, सगळं कोरडं.’ इथं आपण हमखास चुकतो. ‘अगं बरं आहे की, कपडे तरी वाळतात’ असं लिहिलंस तर ते समजूत घालणं झालं आणि बोलणं पुन्हा आटलं. त्यापेक्षा फोन उचल, पडवीत जा आणि कौलांवर पडणारा पाऊस दहा-पंधरा सेकंद रेकॉर्ड करून पाठव. मध्येच तुझा आवाज येऊ दे, ‘ऐक गं, आपल्या गल्लीतला आहे.’

आवाजच पाठव, असं मी मुद्दाम म्हणते. ती दिवसभर कानडी बोलते. दुकानात, शेजारी, कदाचित घरातही. कानडी तिला येतं, आपल्या भागातल्या पोरींना ते अडत नाही. पण सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या बोलीतला एक शब्द कानावर पडला नाही की जीभ जड होते. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी धारवाडकडं होते, तेव्हा बहिणीच्या फोनवरचं साधं ‘काय गं, काय करतीस’ ऐकायलाही मी जिन्यात जाऊन बसायची. ती काय बोलली यातलं आज काही आठवत नाही. तिच्या मागं वाजणारी कुकरची शिट्टी तेवढी आठवते.

पाऊस ऐकून समज ती म्हणाली, ‘आज दिवसभर कुणाशी मराठी बोलले नाही.’ लगेच उपाय सांगू नकोस. ‘तिथलं मराठी मंडळ शोध’, ‘मन रमव’, हे आज नको. ‘मग आता बोल, मी आहे दहापर्यंत’ एवढंच लिही. ‘काय झालं? सगळं ठीक आहे ना?’ हा प्रश्नही सुरुवातीलाच नको. त्यानं तिला वाटतं, बोलायचं तर आता काहीतरी मोठं दुःख सांगायला हवं. नुसतं ‘कशी आहेस?’ला ‘बरी’ येतं. आणि नुसता हात हलवणारा इमोजी म्हणजे दार उघडून परत लावून घेणं.

तू रोज रात्री तासभर बसावंस असं मी म्हणत नाही. तुलाही संसार आहे. हात गुंतलेले असतील तर ‘भाकऱ्या करतेय, दहाला येते’ लिही आणि दहाला खरंच ये. थकली असशील तर तसं सांग. तिला तुझा वेळ थोडा मिळाला तरी चालेल, पण अर्ध्यात गायब होऊ नकोस. उठताना सांगून ऊठ, ‘आता झोपते गं, शनिवारी दुपारी फोन करते.’ शनिवार म्हटलास तर शनिवारीच कर.

एक गोष्ट मात्र वेगळी. या गप्पांत कधी ‘आता काही नको वाटतं’, ‘मी नसले तर बरं’ असं काही आलं, तर पाऊस-भाकरी बाजूला ठेव आणि लगेच फोन लाव. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचार. विचारल्यानं तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही, उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. तिच्या जवळच्या, तिचा विश्वास असलेल्या माणसाला कळव. १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं, तोही तिला दे. तुझ्या पत्रावरून मला तसं काही दिसत नाही, पण नंबर जवळ असू दे.

पुढच्या ‘हाय’ची वाट बघू नकोस. इतके दिवस तीच तुझ्या दारात येतेय, आज रात्री साडेनऊच्या आधी तू तिच्या दारात जा. तुम्ही दोघी शाळेला जाताना ज्या ओढ्यापाशी थांबायचात, त्याला आता किती पाणी आलंय, त्याचा फोटो पाठव. खाली काही लिहिलं नाहीस तरी चालेल.