यूकेत थेट सेकंड इयर घ्यावं का?

प्रश्न: मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, ६८%. इंग्लंडच्या एका विद्यापीठाने बी.इंग.च्या थेट दुसऱ्या वर्षाची ऑफर दिली आहे. घेऊ का? एक वर्ष वाचेल ना? आणि इकडे परत आल्यावर डिग्री चालते का?

घेऊ नका. निदान पहिल्या वर्षाच्या गणिताचे दोन-तीन जुने पेपर विद्यापीठाकडून मागवून, घड्याळ लावून सोडवल्याशिवाय तरी घेऊ नका.

मी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अशीच ऑफर घेऊन गेलो. एमएसबीटीईची आय-स्कीम, मेकॅनिकल, ७१ टक्के, वर एक वर्ष चाकणला शॉपफ्लोअरवर. मला पहिल्या वर्षापासून जायचं होतं. आमचे दाजी म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का? फुकट मिळालेलं वर्ष कोणी परत करतं?" पंधरा-सोळा हजार पौंडांचा प्रश्न होता, त्यातले निम्मे दाजींच्या जामिनावर. गप्प बसलो.

आता हे 'फुकट' वर्ष म्हणजे काय ते बघा. इंग्लंडमध्ये ऑनर्स डिग्री ३६० क्रेडिटची, वर्षाला १२०. एक क्रेडिट म्हणजे अभ्यास, लेक्चर, परीक्षा सगळं धरून साधारण दहा तासांचं काम. माझ्या कोर्सच्या पहिल्या वर्षात वीस-वीस क्रेडिटचे सहा विषय होते: गणित, मेकॅनिक्स, थर्मोफ्लुइड्स, मटेरियल्स-मॅन्युफॅक्चरिंग, इलेक्ट्रिकल आणि डिझाइन. तुमची ट्रान्सक्रिप्ट आणि एमएसबीटीईचा अभ्यासक्रम समोर ठेवून प्रवेशवाले बघतात की हे सगळं झालंय का. ड्रॉइंग, वर्कशॉप, एसओएम, फ्लुइड मेकॅनिक्स यांत आपण त्यांच्या पोरांच्या पुढेच असतो. माझी बाकीची पानं इतकी भरलेली दिसली की गणिताचं पान कोणी नीट उघडलंच नसावं. पूर्ण १२० क्रेडिटची सूट एका झटक्यात मिळाली.

आय-स्कीममध्ये गणित पहिल्या दोन सेमिस्टरला, मग संपलं. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, फर्स्ट ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स. मी ते पुस्तक बंद केलं २०१९ मध्ये.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी फळ्यावर दोन बाय दोनची मॅट्रिक्स लिहिली आणि म्हणाले की आयगेनव्हॅल्यू तर गेल्या वर्षी झाल्याच आहेत, आपण थेट व्हायब्रेशनकडे जाऊ. शेजारच्या मुलाने फाइल मागे पलटली, पिवळा मार्कर मारलेलं पान काढलं. माझ्याकडे पलटायला पान नव्हतं. पुढच्या आठवड्यात लॅप्लास आलं, तेही "आठवत असेलच" म्हणून. डायनॅमिक्स आणि कंट्रोलचा विषय त्याच लॅप्लासवर उभा, म्हणजे एका खड्ड्यात दोन पाय.

त्याच महिन्यात वर्कशॉपमध्ये फोर-जॉ चकमध्ये जॉब सेंटर करायचा होता. डायल लावून दहा मिनिटांत करून दिला, आणि अर्धा वर्ग माझ्याभोवती उभा. व्हर्निअर कसा वाचायचा हेही मीच दाखवलं. 'डिप्लोमावाला' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय.

पण खरा घोळ पुढे आहे आणि तो एजंट सांगत नाही. इंग्लंडमध्ये पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी फक्त पास व्हायचं असतं, डिग्रीचा क्लास ठरवताना त्याचे गुण धरत नाहीत. तिथली पोरं त्या वर्षात रिपोर्ट कसा लिहायचा, संदर्भ कसे द्यायचे, परीक्षेत काय मागतात हे चुकत-माकत शिकतात. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याची चूक पहिल्या दिवसापासून मोजली जाते. माझ्याकडे दुसऱ्या वर्षाला ३० टक्के वजन होतं, शेवटच्याला ७०.

गणित आणि कंट्रोल, दोन्हीत नापास झालो. ऑगस्टच्या फेरपरीक्षेत दोन्ही सुटले, पण फेरपरीक्षेत कितीही मिळाले तरी नोंद पासिंगचीच, म्हणजे ४०. बाकी चार विषयांची सरासरी ६१ होती. दोन चाळिसांमुळे वर्षाची सरासरी ५४ वर आली. शेवटच्या वर्षी पुन्हा ६१. आता ५४ चे ३० टक्के आणि ६१ चे ७० टक्के मिळवा: ५८.९. टू-वन म्हणजे वरचा सेकंड क्लास, त्याची रेषा ६० ला; त्याखाली टू-टू. ते दोन विषय माझ्या नेहमीच्या चालीने निघाले असते, तर ६१ झाले असते. टू-टू घेऊन बाहेर पडलो आणि तिकडच्या कितीतरी ग्रॅज्युएट स्कीमचे फॉर्म 'टू-वन आहे का' या पहिल्याच प्रश्नावर बंद झाले.

माझ्याच पॉलिटेक्निकचा एक मित्र स्कॉटलंडला गेला, तोही 'थेट दुसऱ्या वर्षाला'. पण तिथे ऑनर्स चार वर्षांची असते. इंग्लंडमधून ए-लेव्हल, म्हणजे तिकडची बारावी, करून आलेली मुलंही तिथे दुसऱ्या वर्षाला बसू शकतात, म्हणजे ते वर्ष इंग्लंडच्या पहिल्याच्या आसपासचं. त्याला लॅप्लास नव्याने शिकवलं, आणि त्याचा डिग्रीचा क्लास शेवटच्या दोन वर्षांच्या गुणांवर ठरला. फी माझ्यापेक्षा एक वर्ष जास्त भरली, टू-वन घेऊन नोकरीला लागला. ऑफर लेटरवर दोघांच्याही शब्द तेच होते. म्हणून 'सेकंड इयर' हा शब्द वाचून हुरळू नका. एकूण कोर्स किती वर्षांचा आणि कोणत्या वर्षाचे गुण किती वजनाने धरतात, हे लेखी विचारा.

वर्ष वाचतं का? इथे डीएसई, म्हणजे डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, केली तर दहावीनंतर ३ अधिक ३. तिकडे ३ अधिक २. तारखेच्या हिशोबाने वाचतं, दाजींचं तेवढं बरोबर. पण तिथे गेल्यावर झेपेना आणि विद्यापीठाने खाली पहिल्या वर्षाला बसवलं, तर व्हिसा दोन वर्षांच्या कोर्सच्या तारखांवर काढलेला असतो. तो वाढवण्याचा खर्च वेगळा, तिसऱ्या वर्षाची फी वेगळी.

परत आल्यावर खाजगी कंपन्यांनी मला काही विचारलं नाही. सरकारी नोकरी किंवा इथे एम.टेक. करायचं असेल तर समकक्षता लागते, आणि तुमचा हिशोब दहावी अधिक ३ अधिक २ असा भरतो, डीएसईवाल्यापेक्षा एक वर्ष कमी. यूजीसीने २०२५ मध्ये याचे नवे नियम आणलेत. पैसे भरण्याआधी ते वाचा, आणि आपलं उदाहरण 'पहिल्या वर्षाची सूट मिळालेली आहे' असं स्पष्ट लिहून विचारा.

हे सगळं मेकॅनिकल आय-स्कीमवाल्याचं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लॅप्लास थोडं शिकवलेलं असतं, त्यांना माझ्याइतकं लागणार नाही. तुमची नंतर आलेली के-स्कीम असेल तर अभ्यासक्रम स्वतः ताडून बघा. डिप्लोमानंतर कोणी घरी बसून गणित पक्कं केलं असेल, तर तो खुशाल दुसऱ्या वर्षाला जाईल, वर्गात असे दोघे होते.

ऑफर बदलून घेता येते. प्रवेश कार्यालयाला एवढंच लिहायचं की मला सूट नको, पहिल्या वर्षापासून प्रवेश द्या. जागा असेल तर बहुधा नकार येत नाही, त्यांना एक वर्षाची फी जास्तच मिळते. मी तो मेल २०२२ च्या जुलैमध्ये लिहिला होता. दाजी म्हणाले, "पाठव बघू." नाही पाठवला. अजून ड्राफ्ट्समध्ये पडलाय.